विचारत राहायचं की निरोपाची वाट पाहायची?

गिटहबवर काम करणारा प्रोग्रामर आपला बदल थेट मुख्य कोडमध्ये मिसळत नाही. आधी तो पुल रिक्वेस्ट टाकतो, सहकारी ती तपासतात आणि मगच बदल आत जातो. आता समजा, चार जणांच्या टीमला नवी रिक्वेस्ट आली की चॅटच्या ग्रुपवर कळायला हवं आहे. त्यासाठी आपला प्रोग्राम दर मिनिटाला गिटहबला ‘काही नवीन?’ असं विचारू शकतो. हे पोलिंग. नाहीतर काही घडलं की गिटहबच आपल्या सर्व्हरच्या पत्त्यावर निरोप धाडतो. तो वेबहुक.

पोलिंगचं नाव काढलं की अनेक जण नाक मुरडतात. पण हिशेब मांडून पाहावा. टीमच्या सहा रिपॉझिटरी असतील, तर दर मिनिटाला एकेकदा विचारल्यास तासाला 360 विनंत्या होतात. टोकन वापरणाऱ्याला गिटहब तासाला साधारण 5,000 विनंत्या करू देतं. शिवाय मागच्या उत्तरासोबत आलेला `ETag` परत पाठवला आणि काही बदललेलं नसेल, तर `304` एवढंच उत्तर येतं आणि ती विनंती या मर्यादेत मोजलीच जात नाही.

हाव सुटली की मात्र गणित बिघडतं. उघड्या 20 रिक्वेस्टचे अभिप्राय आणि चाचण्यांचे निकालही वेगवेगळे विचारायचे, तर तासाला आणखी 2,400 विनंत्या लागतात. एकूण 2,760, म्हणजे अजून निभावतं. पण कुणी उतावळेपणाने मिनिटाचे 15 सेकंद केले, की आकडा 11,040 वर जातो.

पोलिंगची खरी उणीव वेगळीच आहे. त्याला फक्त आत्ताची स्थिती दिसते. दोन फेऱ्यांच्या मध्ये एखादं लेबल लावून काढलं गेलं, तर यादीत त्याचा मागमूस उरत नाही.

वेबहुक ते लेबलही सांगतो, तेही बहुधा काही सेकंदांत. त्या बदल्यात इंटरनेटवरून पोचता येईल असा, सतत जागा सर्व्हर लागतो. निरोप गिटहबचाच आहे ना, हे `X-Hub-Signature-256` ही सही पडताळून पाहावं लागतं. उत्तर 10 सेकंदांत द्यावं लागतं. म्हणून निरोप आधी रांगेत टाकून पोच द्यायची आणि काम नंतर करायचं. सर्वांत मोठी मेख पुढे आहे: रात्री सर्व्हर बंद पडला, तर पोचू न शकलेले निरोप गिटहब आपणहून पुन्हा पाठवत नाही. सेटिंगमधली डिलिव्हरीची यादी उघडून ते पुन्हा मागवता येतात, पण फक्त गेल्या तीन दिवसांतले. सोमवारी सकाळी ग्रुप शांत दिसला, तर कुणी काम केलं नाही की सर्व्हर झोपला होता, हे त्या यादीशिवाय कळत नाही.

नुसती सूचना हवी असलेल्या चौघांच्या टीमला मिनिटाचं पोलिंग पुरेसं आहे. रिक्वेस्ट येताक्षणी चाचण्या सुरू व्हायला हव्या असतील आणि सर्व्हर आधीच चालू असेल, तर वेबहुक घ्यावा. मात्र निसटलेलं पकडायला तासातून एक पोलिंगची फेरी तेव्हाही चालू ठेवावी.