बुलेटचा उल्लेख केला म्हणजे उत्तर झालं?

कॅनडाच्या पीआरसाठी सेलपिप देणारी मुलं एक तक्रार हमखास करतात: "सर, तिन्ही बुलेट कव्हर केले होते, तरी राइटिंगला मार खाल्ला." त्यांचा सरावाचा ईमेल मागून घ्यावा, तर बुलेटमधले शब्द उत्तरात जसेच्या तसे हजर आणि माहिती शून्य. क्लासच्या पाठ करून घेतलेल्या टेम्प्लेटांची ही कृपा.

वस्तुस्थिती अशी. राइटिंगच्या पहिल्या प्रश्नाला 27 मिनिटं आणि 150 ते 200 शब्द मिळतात. सेलपिपच्या जाहीर निकषांत 'टास्क फुलफिलमेंट' हा स्वतंत्र निकष आहे. विचारलेलं सगळं आलं का, सूर प्रसंगाला शोभतो का, लांबी बरोबर आहे का, हे त्यात पाहतात. शब्द उचलले का, हे कुणी पाहत नाही.

समजा, बिल्डिंगमधलं सामायिक वॉशिंग मशीन बंद पडलंय आणि मॅनेजरला लिहायचंय. काय बिघडलं आणि कधीपासून. तुम्हाला काय त्रास होतोय. काय करून हवंय आणि कधीपर्यंत. बुलेट तीन, पण प्रश्न पाच! 'आणि'नंतरचा अर्धा भाग सर्रास गळतो. दुसऱ्या बुलेटला ठरलेलं वाक्य येतं: 'आय अ‍ॅम फेसिंग लॉट ऑफ प्रॉब्लेम्स ड्यू टु धिस.' अरे, पण कसले प्रॉब्लेम्स? बाळाचे कपडे घेऊन एक दिवसाआड बाहेरच्या लाँड्रीत जावं लागतं, तिथे दर खेपेला आठ डॉलर जातात, असं लिहा. मग उत्तर झालं. 'अ‍ॅज सून अ‍ॅज पॉसिबल' हे 'कधीपर्यंत'चं उत्तर नव्हे. शुक्रवारपर्यंत मेकॅनिक पाठवा, तोवर शेजारच्या विंगमधलं मशीन वापरू द्या, हे उत्तर.

शब्दांचा हिशेबही यातूनच सुटतो. मायना आणि लिहिण्याचं कारण 25 शब्दांत, प्रत्येक बुलेटला साधारण 45, समारोप 20, झाले 180. पहिल्याच बुलेटची कहाणी नव्वदवर गेली, तर तिसरा एका ओळीत उरकावा लागतो, आणि मागणी तर नेमकी तिथेच असते. म्हणून शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा आणि प्रश्नातल्या प्रत्येक 'आणि'समोर आपलं कुठलं वाक्य येतं ते बोट ठेवून तपासा.

बाकीचे गैरसमज किरकोळ. बुलेटचा क्रम मोडला तर मार्क जातात? ईमेल सलग वाचता आला म्हणजे झालं. खरंच घडलेलंच लिहावं लागतं? आठ डॉलरची पावती कुणी मागत नाही. शब्द मोजण्यात वेळ जातो? स्क्रीनवर आकडा आपोआप दिसतो. जड शब्दांनी छाप पडते? मशीन दुरुस्त करा म्हणायला 'रेक्टिफिकेशन' लागत नाही.