प्रमाणपत्रावरील व्याप्ती आणि वैधतेच्या तारखा कशा वाचाव्यात?

परदेशी खरेदीदाराने पुरावा मागितला की पुरवठादार आयएसओ २२०००:२०१८ प्रमाणपत्राची प्रत पाठवून निश्चिंत होतो. त्या प्रतीत खरेदीदार मुख्यतः दोन गोष्टी तपासतो : व्याप्ती आणि तारखा.

समजा, एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या प्रमाणपत्रावरील व्याप्ती अशी आहे : ‘बेदाण्याची स्वच्छता, प्रतवारी व पॅकिंग’, पुढे एकाच प्रक्रिया केंद्राचा पत्ता. कंपनीला मात्र हळद पावडर निर्यात करायची आहे. ही हळद दुसऱ्या गावच्या गोदामात साठवून तेथेच दळली जाते. अशा वेळी हे प्रमाणपत्र खरे असूनही हळदीसाठी निरुपयोगी ठरते. कारण त्यात हळद हे उत्पादन नाही, दळणे ही प्रक्रिया नाही आणि ते गोदामही नाही. कीटकशास्त्राच्या दृष्टीने हा केवळ शब्दच्छल नव्हे. साठवलेल्या हळदीत सिगारेट भुंगेरा ही मोठी अडचण असते. गोदाम व्याप्तीबाहेर असेल, तर तेथील कीड नियंत्रणाच्या नोंदी लेखापरीक्षकाने तपासल्या असे म्हणता येत नाही. यावर उपाय एकच : प्रमाणन संस्थेकडे व्याप्तिविस्ताराचा अर्ज करून त्या जागेचे लेखापरीक्षण करून घेणे.

आता तारखा पाहू. प्रमाणन चक्र साधारणतः तीन वर्षांचे असते. पहिले प्रमाणपत्र १५ जून २०२२ ते १४ जून २०२५ या काळासाठी होते. पुनर्प्रमाणनाचे काम लांबले आणि निर्णय १० जुलै २०२५ रोजी झाला. मुदत संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत उर्वरित काम पूर्ण झाल्यास प्रमाणन पूर्ववत करता येते; परंतु नवे प्रमाणपत्र निर्णयाच्या तारखेपूर्वीपासून लागू करता येत नाही. त्याची समाप्ती मात्र जुन्या चक्रानुसारच, म्हणजे १४ जून २०२८ रोजी होते. परिणामी १५ जून ते ९ जुलै २०२५ हा खंड उरतो. २५ जून रोजी पॅक केलेला बेदाणा प्रमाणन नसलेल्या काळातील ठरतो. ‘प्रथम प्रमाणित : २०२२’ एवढ्या नोंदीने हा खंड भरून निघत नाही.

समाप्तीची तारीख पुढची असली, तरी प्रमाणन आज चालू आहेच असे नाही. दरवर्षीचे देखरेख लेखापरीक्षण न झाल्यास ते निलंबित होऊ शकते, आणि कागदावर ते दिसत नाही. म्हणून प्रमाणपत्र क्रमांक देऊन प्रमाणन संस्थेकडून सद्यःस्थितीची लेखी पुष्टी घ्यावी. संस्थेला त्या मानकासाठी एनएबीसीबीसारख्या मंडळाची अधिस्वीकृती आहे का, हेही पाहावे.

हे प्रमाणपत्र व्यवस्थापन पद्धतीचे आहे, मालाचे नव्हे. विशिष्ट लॉटमधील कीडनाशक अवशेष मर्यादेत आहेत हे त्यातून सिद्ध होत नाही; त्यासाठी त्या लॉटचा प्रयोगशाळा अहवाल स्वतंत्रपणे जोडावा लागतो. खरेदीदाराला उत्तर देताना उत्पादन, प्रक्रिया, जागा आणि पॅकिंगची तारीख या चारही बाबी प्रमाणपत्राशी जुळवून पाहाव्यात. जी जुळत नाही, ती पत्रात स्पष्ट नमूद करावी.