जाणारी माणसं काय सांगून जातात

राजीनामा मंजूर झाला की शेवटच्या आठवड्यात एचआरचं माणूस जाणाऱ्याला बोलावतं, चहा मागवतं आणि विचारतं, "का सोडताय?" या बोलण्याला एक्झिट इंटरव्ह्यू म्हणतात. त्याचा फॉर्म बहुतेक ठिकाणी फाइलला लागतो आणि तिथेच राहतो. काही ठिकाणी तो जसाच्या तसा विभागप्रमुखाच्या टेबलावर पोचतो, आणि हे जास्त वाईट. रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचा दाखला आणि हिशेबाचे उरलेले पैसे हातात पडायचे असताना शहाणा माणूस खरं बोलत नाही. तो "चांगली संधी मिळाली" एवढं लिहून निघून जातो.

खरं बोलणं व्यवस्थापनापर्यंत पोचवायचं आणि बोलणाऱ्याला उघडं पाडायचं नाही, ही कसोटी या मुलाखतींच्या सारांशात लागते. एका खासगी रुग्णालयाचं उदाहरण घेऊ. आकडे समजावण्यापुरते कल्पिलेले आहेत. तिथे १६० परिचारिका आहेत. सहा महिन्यांत २० जणी सोडून गेल्या आणि त्यातल्या १७ बोलल्या.

मुलाखतीआधीच त्यांना सांगितलेलं असतं की नाव वर जाणार नाही, उत्तरं एकत्र करूनच जातील. सोबत एक अपवादही तितक्याच स्पष्टपणे सांगावा लागतो: रुग्णाच्या जिवाला धोका किंवा छळ असं काही कानावर आलं तर गप्प बसता येणार नाही, पण पुढचं पाऊल टाकण्याआधी तुम्हाला कळवू. लैंगिक छळाची बाब असेल तर २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांत लेखी तक्रार करता येते, ही माहिती तिला तिथेच द्यायला हवी. अशी एकच घटना असली तरी तिचा मार्ग वेगळा असतो. सहामाही सारांशात ती मिसळायची नसते.

मुलाखतीत १७ पैकी ११ जणींनी पगाराचं कारण दिलं. एवढ्यावर थांबलं तर सारांश चार ओळींत संपेल आणि चुकेल. अमेरिकेतले संशोधक थॉमस ली आणि टेरेन्स मिचेल यांनी १९९४ मध्ये मांडलं की नोकरी सोडण्याचा विचार पुष्कळदा एखाद्या घटनेच्या धक्क्याने सुरू होतो. पगार कमी आहे हे माणसाला वर्षभर माहीत असतं, तरी तो टिकतो. मग एके दिवशी काहीतरी घडतं आणि तो दुसरीकडे चौकशी करू लागतो. म्हणून "का सोडताय?" याच्यापेक्षा "बाहेर बघायला कधी सुरुवात केलीत, आणि त्या सुमारास काय झालं होतं?" हा प्रश्न कामाचा. तो विचारल्यावर १७ पैकी नऊ जणींचं उत्तर एकाच दिशेला गेलं. मंजूर झालेली रजा ऐन वेळी रद्द झाली होती, किंवा ड्यूटीचा रोस्टर लागल्यावर बदलला होता.

आता हे लिहायचं कसं? नाव वगळलं की माणूस लपला, असं आपल्याला वाटतं. १९९७ च्या सुमारास अमेरिकेत लटान्या स्वीनी या विद्यार्थिनीने हा समज मोडला. मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या आजारपणाच्या नोंदी नावं काढून संशोधकांना दिल्या होत्या. स्वीनीने २० डॉलरला मतदार यादी विकत घेतली, जन्मतारीख, लिंग आणि पिन कोड जुळवले आणि खुद्द गव्हर्नरची नोंद शोधून काढली. रुग्णालयात तर यादीचीही गरज नाही. "शस्त्रक्रिया विभागातली, दोन वर्षं अनुभवाची, मार्चमध्ये गेलेली" एवढं वाचलं की मेट्रन नाव सांगेल.

म्हणून रुळलेला एक नियम आहे: पाचपेक्षा कमी माणसांचा गट वेगळा दाखवायचा नाही. आपल्या १७ जणींत अतिदक्षता विभागाच्या सहा, वॉर्डांच्या आठ आणि शस्त्रक्रिया विभागाच्या तीन आहेत. तीनचा गट गाळला, पण एकूण १७, सहा आणि आठ हे आकडे ठेवले, तर वजाबाकीने तो परत मिळतो. त्यामुळे "अतिदक्षता ६, इतर विभाग ११" असंच लिहावं लागतं.

पाचचा नियम पाळूनही एक फट राहते. अतिदक्षतेच्या सहाही जणींनी रजेची तक्रार केली असती आणि सारांशात "सहापैकी सहा" छापलं असतं, तर प्रत्येकीचं उत्तर उघड झालं असतं. गट कितीही मोठा असो, सगळ्यांचं उत्तर एकच असेल तर तो कुणालाच लपवत नाही. तिथे विभागवार आकडा न देता "अतिदक्षता विभागात हे प्रमाण जास्त" एवढंच म्हणायचं.

शब्दही माणसाला पकडून देतात. "बाळाच्या बारशाला सोडलं नाही" हे वाक्य अवतरणात गेलं की संपलं. त्याचं "घरगुती कार्यासाठी मंजूर केलेली रजा आदल्या दिवशी रद्द झाली" असं करावं लागतं. त्यातला कढ कमी होतो, याचं वाईट वाटतं, पण माहिती शाबूत राहते.

इतकं झाकल्यावर व्यवस्थापन विश्वास कशावर ठेवणार? "हे म्हणालं कोण?" हा प्रश्न बैठकीत हमखास येतो. माझ्या मते चांगल्या सारांशाची खरी खूण इथे दिसते: तो माणसाकडे बोट न दाखवता रजिस्टरकडे दाखवतो. या रुग्णालयाचा मुख्य परिच्छेद असा होईल:

"बोललेल्या १७ जणींपैकी नऊ जणींनी रजा किंवा रोस्टरमधला ऐनवेळचा बदल ही सुरुवातीची घटना सांगितली. अतिदक्षता विभागात हे प्रमाण जास्त आहे. एकूण परिचारिकांत या विभागाचा वाटा २० टक्के आहे, सोडून गेलेल्यांत ३५ टक्के. गेल्या तीन महिन्यांत रोस्टर लागल्यानंतर ४८ तासांच्या आत किती ड्यूट्या बदलल्या आणि मंजूर रजा किती रद्द झाल्या, हे विभागवार तपासावं."

टक्क्यांचं ते वाक्य गाळू नये. १६० पैकी ३२ जणी अतिदक्षतेत आणि गेलेल्या २० पैकी सात तिथल्या, ही तुलना हजेरीपटावरून होते, मुलाखतीवरून नाही. मोठ्या विभागातून जास्त माणसं जाणारच. वाट्यापेक्षा जास्त गेली तरच त्याला अर्थ. शिवाय या परिच्छेदात सिस्टर इन्चार्जचा उल्लेख नाही, तो मुद्दाम नाही. तिच्या विभागाचं नाव आलंच आहे, तेव्हा सगळे तिच्याकडे बघणार. पण रजिस्टर उघडल्यावर असंही निघू शकतं की वॉर्डांत रात्रपाळीच्या जागा रिकाम्या आहेत आणि ती भोकं अतिदक्षतेच्या सिस्टर पाठवून बुजवली जातात. मग रजा रद्द करणारा हात इन्चार्जचा असला, तरी कारण भरती थांबवणाऱ्या वरच्या कार्यालयात असतं. माणसावर ठपका ठेवून लिहिलेला सारांश तिथपर्यंत पोचतच नाही.

मूळ टिपणं मुलाखत घेणाऱ्या एकाच व्यक्तीकडे राहावीत आणि सारांश झाल्यावर नष्ट व्हावीत, हे व्यवस्थापनाकडून आधीच लिहून घ्यावं. बैठक तापल्यावर ते मान्य होत नाही.

उरल्या न बोललेल्या तिघी. सगळा हिशेब चुकता झाल्यावर, तीन-चार महिन्यांनी फोन केला तर काही जणी मोकळ्या होतात. मात्र ती उत्तरं आधीच्या सारांशात भरून त्याची सुधारित प्रत काढू नये. दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या की वाढलेला आकडा कुणाचा हे सहज कळतं. ती पुढच्या सहामाहीत, नव्या जाणाऱ्यांच्या उत्तरांत मिसळूनच यावीत.