पत्राचं दुसरं पान

संगणक शिक्षकाने मुख्याध्यापकांना लिहायचं पत्र ठरलेल्या साच्यातलं असतं. प्रति, विषय, महोदय, आणि मग मागणी. यंदाच्या माझ्या पत्राचा विषय होता, ‘संगणक कक्षातील संगणकांवर लिनक्स ही मोफत प्रणाली बसवण्याबाबत’. पहिलं पान सहज लिहून झालं. 14 ऑक्टोबर 2025 नंतर विंडोज 10 चे नेहमीचे मोफत अपडेट बंद झाले. विंडोज 11 साठी इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो आणि आमची वीस मशीन आहेत चौथ्या पिढीची, 4 जीबी रॅमवाली. मशीन धडधाकट असूनही भंगारात जायची. लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती एवढ्यावर चालते, आणि तिची एकच प्रत वीस ठिकाणी टाकली तरी कायद्याची अडचण नाही. (सध्या शाळेकडे विंडोजचे नेमके किती परवाने आहेत, हा विषय मी काढला नाही.)

घाम निघाला तो दुसऱ्या पानावर. तिथे मी काय चालणार नाही, ते लिहिलं. अशा पत्रात नुसते फायदे लिहिले, तर पहिला प्रिंटर अडला की सगळं बारगळतं.

पहिली अडचण मराठीचीच. कार्यालयात पंधरा वर्षांच्या प्रश्नपत्रिका आहेत, त्या कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधल्या. अशा फाइलच्या पोटात मराठी नसतंच. तिथे इंग्रजी अक्षरं साठवलेली असतात आणि छोट्या ‘डी’च्या जागी फॉन्ट ‘क’चं चित्र काढून दाखवतो. फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली, की प्रश्नपत्रिकेच्या जागी इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसतो. फॉन्टची फाइल लिनक्समध्ये टाकली तर वाचता येतं, पण त्या फॉन्टमध्ये टाइप करायचं विंडोजवरचं सॉफ्टवेअर इकडे येत नाही. युनिकोडमध्ये ‘क’ला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे तो कुठेही ‘क’च राहतो. मुलांना आम्ही इनस्क्रिप्टच शिकवतो, तिथे ‘के’ची कळ दाबली की ‘क’ उमटतो, आणि तो कीबोर्ड लिनक्समध्ये आहेच. म्हणजे अडचण मुलांची नाही, कार्यालयाची आहे.

दुसरी अडचण टॅलीची आणि प्रिंटरची. काही स्वस्त लेझर प्रिंटर फक्त आपल्या कंपनीच्या ड्रायव्हरचंच ऐकतात आणि तो लिनक्ससाठी नीट मिळेलच असं नाही. म्हणून मी सुचवलं की कार्यालयाची दोन मशीन विंडोजवरच ठेवावीत, मात्र त्यांची इंटरनेटची वायर काढून.

‘हे आणखी कुठे चालतं?’ हा प्रश्न येणार हे ठाऊक होतं. केरळच्या सरकारी शाळांमध्ये बऱ्याच वर्षांपासून लिनक्स आहे. तिथली ‘काइट’ ही सरकारी संस्था उबुंटूवर बेतलेली स्वतःची प्रणाली शाळांना देते. एवढ्या एका ओळीत तो प्रश्न मिटला.

न मोडता करून पाहायची सोय मात्र मी सविस्तर लिहिली. 8 जीबीच्या पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट उतरवून घ्यायचं, मशीन सुरू करताना बहुधा F12 दाबायचं आणि पेन ड्राइव्हवरूनच चालू करायचं. हार्ड डिस्कवरचं विंडोज जसंच्या तसं राहतं. आवाज, इंटरनेट, प्रोजेक्टर तपासायचे, प्रिंटरवर एक पान काढायचं. मग टर्मिनलमध्ये टाइप करायचं:

```
free -h
```

‘available’ या रकान्यात किती मेमरी उरली ते दिसतं. ब्राउझरमध्ये सात-आठ टॅब उघडून पुन्हा पाहायचं. आकडा फार खाली गेला आणि माउस अडखळायला लागला, तर समजायचं की 4 जीबी अपुरी पडते. जुनी फिरती हार्ड डिस्क लिनक्समुळे वेगवान होत नाही, हेही लिहून टाकलं. त्यासाठी एसएसडीच लागते.

एक धोका मात्र अधोरेखित केला. बसवताना ‘डिस्क पुसून बसवा’ असा पर्याय येतो. तो दाबला, की डिस्कवरचं सगळं जातं. त्याआधी वेगळ्या डिस्कवर प्रत घेतली आहे की नाही, हे दोघांनी पाहिल्याशिवाय तो दाबायचा नाही.

शेवटी मागणी केली ती एकाच मशीनची. खिडकीजवळचं सात नंबरचं, एका महिन्यासाठी. ते चाललं तर दिवाळीच्या सुट्टीत त्याचीच प्रतिमा क्लोनझिलाने उरलेल्यांवर टाकायची.

पत्र तिसऱ्या दिवशी परत आलं. समासात लाल शाईने शेरा होता : ‘सात नंबर मान्य. कार्यालयातल्या संगणकाला हात लावू नये.’