भुईकाट्याचा दाखला मराठीत

ट्रान्सपोर्ट यार्डातल्या भुईकाट्याचे दोन कागद असतात. वैधमापन शास्त्र विभागाचे पडताळणी व मुद्रांकनाचे प्रमाणपत्र कायद्याने लागते आणि ते दर वर्षी नवे करावे लागते. प्रयोगशाळेचा अंशशोधन दाखला काट्याचे वाचन खऱ्या वजनापासून किती दूर आहे ते सांगतो. तो मुद्रांकनाची जागा घेत नाही. मराठी करताना दोन्हींना 'तपासणी' म्हटले, तर एक कागद हाती असला की काम झाले असे यार्डचालक समजतो आणि मुद्रांकनाची मुदत उलटून जाते.

दाखल्यातला सर्वांत महत्त्वाचा रकाना 'एरर'चा. त्याला 'चूक' म्हटल्यास कोणाचा तरी दोष वाटतो, म्हणून 'तफावत' बरे. काट्याचे वाचन वजा प्रमाणित वजन म्हणजे तफावत. 60 टनी काट्याच्या पट्टीवर `e = 10 kg` लिहिलेले आहे, असे धरू. 20,000 किलोची प्रमाणित वजने ठेवल्यावर काटा 20,010 दाखवतो, म्हणजे तफावत अधिक 10 किलो. दाखल्यात 'करेक्शन' दिले असेल, तर तोच आकडा उणे चिन्हाने येतो. त्याला नुसते 'दुरुस्ती' म्हटले, तर यार्डात मेकॅनिक बोलावला जाईल. 'वाचनात करायची वजाबाकी-बेरीज' असे लांबलचक लिहिलेले चालेल.

पुढचा रकाना अनिश्चिततेचा. तिथे 'अधिक-उणे 8 किलो, के = 2' असेल, तर खरी तफावत 2 ते 18 किलोंच्या दरम्यान असण्याची शक्यता सुमारे 95 टक्के आहे. हे 8 किलो वाचनातून वजा करायचे नसतात, आणि ती कायद्याने दिलेली सूटही नव्हे. या वजनाला सूट पडताळणीच्या वेळी 10 किलो, तर वापरातल्या काट्याच्या तपासणीत 20 किलो असते. म्हणजे हा काटा वापरात चालेल. मात्र पुढच्या पडताळणीला तो अगदी काठावर आहे, तेव्हा आधीच जुळवून घेतलेला बरा.

लोडसेलच्या दाखल्यात `2 mV/V` दिसते. सेलला 10 व्होल्ट दिले, तर पूर्ण भाराला 20 मिलिव्होल्ट संकेत मिळतो, एवढाच त्याचा अर्थ. 'क्रीप'ला 'भार तसाच असताना वाचन सरकणे' म्हणावे. 'हिस्टेरेसिस' म्हणजे भार चढवताना आणि उतरवताना त्याच वजनाला येणाऱ्या वाचनांतला फरक.

'एक्सेंट्रिक लोडिंग'ला यार्डात 'कोपरा चाचणी' म्हटले की सगळ्यांना कळते. सहा सेलांच्या 60 टनी काट्यावर सुमारे 12 टन भार प्रत्येक सेलवर आळीपाळीने ठेवतात. एकाच जागी वाचन कमी आले, तर आधी तिथे प्लॅटफॉर्मच्या कडेला चिखल किंवा खडी अडकली आहे का ते पाहावे. जागा साफ करूनही फरक राहिला, तर त्या सेलचे जुळवणीकाम करून घ्यावे.