दुसरी शेगडी

एकत्र कुटुंबाच्या मालिकेचं नाव शोधायला बसलं, की घर, सासू, सून, माया, गोतावळा हे शब्द आधी दारात उभे राहतात. रोजच्या दूरचित्रवाणी मालिकेला ते चालतात. ‘होणार सून मी ह्या घरची’ एवढं लांबलचक नावही लोकांच्या तोंडी बसलं, कारण वाहिनी ते दिवसातून कितीतरी वेळा कानावर घालत होती. वेबसीरिजला ही सोय नसते. कुणाकडून तरी नाव ऐकून प्रेक्षक ते मोबाइलवर स्वतः शोधतो, आणि समोर नखाएवढी पोस्टरं येतात. नाव आठवलं नाही, टाइप करता आलं नाही किंवा त्या पोस्टरवर वाचता आलं नाही, तर मालिका कितीही चांगली असली तरी गेलीच.

एक कथा गृहीत धरू. चाळीतल्या दोन खोल्या जोडून केलेलं घर. सासू-सासरे, दोन मुलगे, दोन जावा, एक नणंद. स्वयंपाकघरात एक ओटा आणि दोन बर्नरची शेगडी. सकाळी सहाला एका बर्नरवर कुकर, दुसऱ्यावर थोरलीचा पोळ्यांचा तवा. चहाचं पातेलं हातात धरून सासरे उभे. धाकटी जिममध्ये जाणारी, तिला अंडी उकडायची आहेत. घर शाकाहारी. ‘माझ्या भांड्यात नाही, माझ्या गॅसवर नाही,’ असं सासूबाई एकदाच, शांतपणे सांगतात. आठवड्याभरात धाकटी इंडक्शन आणून गॅलरीत मांडते. सासूबाई तिलाही शेगडीच म्हणतात.

आता नावं. ‘स्वयंपाकघर’ पहिल्यांदा सुचतं आणि पहिल्यांदा बाद होतं. शोधलं की पाककृतींचे ढीग येतात, त्यात आपली मालिका सापडायची नाही. शिवाय जोडाक्षरासह एवढा लांब शब्द लहान पोस्टरवर मावत नाही. ‘आम्ही सारे एका ओट्यावर’ हे मजेशीर आहे, पण ‘आम्ही सारे’ म्हटलं की मराठी माणसाला ‘खवय्ये’च आठवतात. ‘एका ओट्याची गोष्ट’ चांगलं वाटतं खरं. मात्र ‘अमक्याची गोष्ट’ हा साचा आता इतका झिजलाय, की पोस्टर पाहून प्रेक्षक ‘हे मी बघितलंय बहुतेक’ म्हणून पुढे सरकतो. ‘घरोघरी मातीच्या चुली’ ही म्हण अचूक बसली असती. तीही 2024 मध्ये स्टार प्रवाहच्या मालिकेने घेतली. ‘खरकटं’ मला स्वतःला आवडतं, पण त्या नावाखाली लोक काहीतरी काळंकुट्ट पाहायला येतील आणि विनोदी प्रसंगांवर नाराज होतील.

उरतं ते ‘चूल वेगळी’. आपल्याकडे भाऊ वेगळे झाले हे सांगायला एवढंच पुरतं: चुली वेगळ्या झाल्या. नावात वजन आहे, दोनच शब्द आहेत. अडचण एकच, ते शेवट सांगून टाकतं. घर फुटणार हे पहिल्याच भागाआधी कळलं, तर पुढचं कशासाठी पाहायचं?

‘दुसरी शेगडी’ मात्र प्रश्न विचारतं. दुसरी का लागली? ती कुणी आणली? राहणार की परत जाणार? वस्तू डोळ्यांसमोर येते, जोडाक्षर नाही, आणि ‘अगं, दुसरी शेगडी बघितलीस का?’ हे फोनवर सहज बोलता येतं. मोबाइलवर लोक ते `dusri shegdi` असंही लिहितील आणि `dusari shegadi` असंही. मालिका चढवताना दोन्ही रूपं शोधशब्दांत घालावीत, नाहीतर निम्मे प्रेक्षक वाटेतच हरवतात.

दुसऱ्या पर्वात काय, ही शंका रास्त आहे. अंड्यांचं भांडण मिटलं तर नाव पोरकं होईल. हिंदीतल्या ‘गुल्लक’ने हे छान सोडवलंय: तिथे गल्लाच घराच्या गोष्टी सांगतो, त्यामुळे पर्वं वाढली तरी नाव जुनं झालं नाही. शेगडीलाही असंच काम द्यावं लागेल. पुढच्या पर्वात त्याच गॅलरीतून नणंदेचा डब्यांचा धंदा सुरू झाला, तर नाव टिकेल. लेखकाकडे असं काही नसेल, तर हे नाव एका पर्वापुरतंच आहे असं समजावं.

शेवटचं काम कंटाळवाणं, पण टाळू नये असं. ‘देसी बॉइज’ चित्रपटाच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये स्पष्ट केलं, की नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो. म्हणजे तुमचं नाव उद्या दुसरा वापरू शकतो. संरक्षण हवं असेल तर ते ट्रेडमार्कमधून मिळतं, आणि मनोरंजन सेवा तिथे 41व्या वर्गात येतात. निर्मात्यांच्या संघटनांकडे शीर्षक नोंदवण्याची पद्धत आहे, पण ती मुख्यतः सभासदांना आपसात बांधते, बाहेरच्याला नाही. तेव्हा पोस्टर छापायला टाकण्याआधी ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर आपलं नाव, त्याच्या उच्चाराशी जुळणाऱ्या नावांसकट, शोधून पाहा. तो शोध फुकट आहे.