बुद्धाने नाकारलेला मुहूर्त

जातककथांमध्ये एका मोडलेल्या लग्नाची गोष्ट आहे. काशीतल्या एका कुटुंबाने आपल्या मुलासाठी खेड्यातली मुलगी मागितली, दिवसही ठरवला. मग घरी येणाऱ्या आजीवक साधूला विचारलं, दिवस कसा आहे? आधी विचारलं नाही म्हणून तो रागावला होता. त्याने नक्षत्र वाईट असल्याचं सांगून टाकलं. वऱ्हाड निघालंच नाही. मुलीकडच्यांनी वाट पाहिली आणि मुलगी दुसऱ्या घरी दिली. दुसऱ्या दिवशी वराकडचे येऊन भांडू लागले, तेव्हा एका शहाण्या माणसाने त्यांना सुनावलं : मुलगी मिळणं हाच शुभयोग होता, तारे त्यात काय करणार?

ही ‘नक्खत्त जातका’ची गोष्ट. ब्रह्मजाल सुत्तातही भिक्षूने पोटासाठी करू नयेत अशा विद्यांची लांबलचक यादी आहे आणि तीत लग्नाचे दिवस काढून देणं येतं. कारण सरळ आहे. फळ कर्माचं, म्हणजे हेतूने केलेल्या कृतीचं मिळतं. वेळेचा त्यावर अधिकार नाही.

तरीही बौद्धबहुल श्रीलंकेत नववर्ष मुहूर्तांवरच चालतं. एप्रिलच्या मध्यात सूर्य मीन राशीतून मेषेत जातो. या संक्रमणाच्या आधीचे सहा तास चोवीस मिनिटं आणि नंतरचे तेवढेच तास ‘नोनगते’, म्हणजे कोणताही मुहूर्त नसलेला काळ. त्याच्या पूर्वार्धात काम बंद, चूलही थंड. त्यानंतर ज्योतिषांनी काढून दिलेल्या वेळेला, ठरलेल्या दिशेला तोंड करून चूल पेटवतात आणि दूध उतू जाऊ देतात. पहिला घास, पहिली देवघेव, डोक्याला तेल लावणं, कामाला निघणं, या प्रत्येकाची वेळ वेगळी. सरकारच ही वेळापत्रकं जाहीर करतं. शेजारच्या ब्रह्मदेशाने तर 4 जानेवारी 1948 रोजी पहाटे चार वाजून वीस मिनिटांनी स्वातंत्र्य स्वीकारलं, कारण ज्योतिषांनी ती वेळ दिली होती.

याला निव्वळ ढोंग म्हणणं अन्यायाचं होईल. थेरवादात लग्न हा धर्मसंस्कार नाही, तो घरचा व्यवहार आहे. भिक्षू ते लावत नाहीत. मृत्यू, दान, पुण्य ही विहाराची बाजू. लग्न, घर, प्रवास यांतली धाकधूक मोकळीच राहते आणि तिथे ज्योतिषी येतो. पण त्याचा शब्द राज्यकारभारात शिरला की किंमत मोजावी लागते. श्रीलंकेत जानेवारी 2015 ची अध्यक्षीय निवडणूक दोन वर्षं आधी घेतली गेली, ज्योतिषाने शुभ म्हटलेल्या दिवशी मतदान झालं आणि सत्ताधारी अध्यक्ष महिंदा राजपक्षे हरले.

महाराष्ट्रात मात्र चित्र वेगळं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेतली, ती अशोक विजयादशमी होती. तारीख इतिहासाच्या आठवणीतून निवडलेली होती, पत्रिकेतून नव्हे. आजही इथले बौद्ध विवाह सहसा बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर त्रिशरण-पंचशील म्हणून होतात. दिवस ठरतो तो पाहुण्यांची सोय आणि सभागृहाची उपलब्धता बघून.